अचानक नाव पुकारलं, तर आधी शेवटचं वाक्य शोधा

प्रश्न: मागच्या महिन्यात मावशीच्या एकसष्टीला निवेदकांनी एकदम माझं नाव घेतलं आणि 'दोन शब्द बोला' म्हणून माईक हातात दिला. अकरावी-बारावीची दोन वर्षं मी मावशीकडे राहिले आहे, सांगण्यासारखं कितीतरी होतं. पण 'मावशी खूप चांगली आहे, प्रेमळ आहे' एवढं म्हणून अडकले आणि खाली बसले. आता ३१ मेला आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापिका बाई निवृत्त होताहेत. मी तिथे शिक्षिका आहे, तेव्हा तिथेही मला उठवतील. भाषण पाठ करून जाऊ का? आयत्या वेळी बोलायचं कसं?

उत्तर:

पाठ करून जाऊ नका. पाठ केलेलं भाषण आयत्या वेळी फार दगा देतं. तुम्ही घरून जे घेऊन आलात त्यातलं निम्मं तुमच्या आधीचे दोघेजण बोलून गेलेले असतात, आणि ते गाळायचं म्हटलं की पुढची ओळ कुठून सुरू होत होती तेच आठवत नाही. साताऱ्यात आणि आसपासच्या तालुक्यांत मी २६ वर्षं निवेदन करते आहे. साखरपुडे, एकसष्ट्या, निरोप समारंभ मिळून शेकडो माणसांच्या हातात मी असा अचानक माईक दिला आहे. त्यातून एक गोष्ट मला पक्की कळली आहे. नाव पुकारल्यापासून माईकपर्यंत पोचायला पंधरा-वीस सेकंद मिळतात, आणि त्या वेळात 'सुरुवात काय करू' असं शोधणारा माणूस हमखास अडकतो. 'शेवट कुठे करू' हे शोधणारा सहसा अडकत नाही.

हे तुम्हाला नवीन वाटेल, पण तुम्ही ते लहानपणापासून पाहिलेलं आहे. नवी नवरी उंबरठ्यावर माप ओलांडायला उभी असते, नणंदा वाट अडवतात, 'नाव घे' म्हणतात. तिच्याकडे तयारीला वेळ नसतो. तरी ती बोलते, कारण उखाण्याचा शेवट तिच्याकडे आधीपासून असतो. नवऱ्याचं नाव कुठे यायचं आणि 'नाव घेते' कुठे म्हणायचं हे ठरलेलं आहे. तिला फक्त समोरून काहीतरी उचलून त्या नावापर्यंत आणायचं असतं. मग दारातली रांगोळी, तांदळाचं माप, अंगणातली तुळस, जे दिसेल ते चालतं. आयत्या वेळच्या चार वाक्यांचीही बांधणी हीच आहे. शेवटचं वाक्य ठरवायचं, आणि एखादी डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट त्या वाक्यापर्यंत चालवत न्यायची.

मावशीच्या एकसष्टीला तुम्ही अडकलात ते भीतीमुळे कमी आणि 'प्रेमळ' या शब्दामुळे जास्त. विशेषणाला पुढचं पाऊल नसतं. 'मावशी प्रेमळ आहे' म्हटल्यावर ऐकणारा मान डोलावतो आणि तुमच्याकडे बघत राहतो. तुम्ही दुसरं विशेषण शोधता, मग तिसरं, आणि तिसऱ्याला घसा कोरडा पडतो. शिवाय समारंभात तुमची वेळ येते तेव्हा विशेषणं संपलेली असतात. मानपत्र वाचून झालेलं असतं. मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष, शिस्तप्रिय, हसतमुख हे सगळे शब्द त्यात असतातच, आणि शाल-श्रीफळानंतर बोलणाऱ्या पहिल्या दोघांनी ते परत उच्चारलेले असतात. प्रसंगाचं तसं नाही. 'मावशी पहाटे पाचला मला उठवायला यायची' एवढं तोंडातून निघालं की पुढचं वाक्य आपोआप मागे येतं, कारण पाचला आल्यावर ती काहीतरी करायची. तुम्हाला वाक्य तयार करावं लागत नाही, नुसतं आठवावं लागतं. आणि घाबरलेल्या माणसाला आठवणं जमतं, रचना करणं जमत नाही.

आता एक घडलेलं उदाहरण सविस्तर सांगते, कारण ते तुमच्या ३१ मेच्या कार्यक्रमासारखंच आहे.

एका गावातल्या जिल्हा परिषद शाळेत मुख्याध्यापिका निवृत्त होत होत्या. मंडप मैदानात होता. प्रमुख पाहुण्यांना यायला उशीर होत होता, म्हणून मी बोलणारे शोधत होते. पोषण आहार शिजवणाऱ्या ताई मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि मानपत्र वाचताना त्या एकट्याच बाईंकडे एकटक बघत होत्या. मी त्यांचं नाव घेतलं. त्या आयुष्यात कधी माईकसमोर आलेल्या नव्हत्या. पदराला हात पुसत आल्या आणि साधारण असं बोलल्या:

"बाई, तुम्ही रोज खिचडीची पहिली वाटी खायच्या. मुलांच्या आधी. चव घेऊन वहीत सही करायच्या. एकदा पावसाळ्यात लाकडं ओली होती, खिचडी खालून लागली. तुम्ही एक घास घेतला आणि वाटी खाली ठेवली. मला वाटलं आता माझं काम गेलं. तुम्ही काही बोलला नाहीत. वर्गात जाऊन पोरांना सांगितलं, आज जेवायला थोडा उशीर होईल. मग माझ्याशेजारी येऊन बसलात आणि तांदूळ निवडायला लागलात. त्या दिवशी पोरं दीड वाजता जेवली. वहीत तुम्ही खरी वेळ लिहिली, आणि कारण लिहिलं, लाकडं ओली. माझं नाव नाही लिहिलं. उद्यापासून चव कोण घेणार मला माहीत नाही. पण पहिली वाटी मी काढून ठेवीन."

एवढं बोलून त्या खाली उतरल्या. पहिल्या रांगेत केंद्रप्रमुख बसले होते, त्यांनी चष्मा काढला. बाई शालीच्या टोकाने डोळे पुसत होत्या. सगळं मिळून दीड मिनिटाच्या आत झालं होतं.

नंतर चहाच्या वेळी मी ताईंना विचारलं, इतक्या लोकांसमोर हे सुचलं कसं. त्या म्हणाल्या, "सुचलं काय त्यात, येताना मनात एवढंच धरलं होतं की वाटीचं सांगायचं."

त्यांनी मनात एक वस्तू धरली होती, हे नीट लक्षात घ्या. 'बाईंचा मोठेपणा' किंवा 'बाईंचे उपकार' असा विषय धरला असता तर त्या मंडपातच हरवल्या असत्या. वाटी हातात घेता येते. तिच्यामागे रोजची वेळ येते, वही येते, तो पावसाळ्याचा दिवस येतो, आणि शेवटी वाटी परत येते. शाळेत जेवण मुलांना वाढण्याआधी चव घेऊन वहीत नोंद करायची असते, हे तिथल्या प्रत्येक शिक्षकाला माहीत होतं. म्हणून ती वाटी कुणाला समजावून सांगावी लागली नाही. आणि 'बाई समजूतदार होत्या' हे वाक्य ताईंनी एकदाही उच्चारलं नाही, तरी ते प्रत्येकाच्या मनात उमटलं.

म्हणून नाव पुकारलं की खुर्चीतून उठताना स्वतःला एकच प्रश्न विचारा. या माणसाच्या हातात मला कोणती वस्तू दिसते? किल्ल्यांचा जुडगा, छत्री, खडू, डबा, स्कूटरचं हेल्मेट, काहीही. पहिली दिसेल ती घ्या. अधिक चांगली शोधायला जाऊ नका, कारण तेवढा वेळच नाही. वस्तू सापडली की चालता चालता ठरवा की हीच वस्तू शेवटच्या वाक्यात परत कशी आणायची. शेवटचं वाक्य दोन प्रकारे सहज मिळतं. एक म्हणजे उद्यापासून काय वेगळं असेल, आणि दुसरं म्हणजे मी त्यातलं काय पुढे चालवणार आहे. ताईंच्या शेवटात दोन्ही आहेत.

तुमच्या मावशीचंच घेऊ. तुम्ही प्रश्नात लिहिलं आहे की अकरावी-बारावीची दोन वर्षं तिच्याकडे होता. खरं काय होतं ते तुम्हालाच ठाऊक, पण समजा उठताना तुम्हाला स्टीलचा पेला दिसला, कारण पहाटे मावशी चहाचा पेला टेबलावर ठेवून तुम्हाला उठवायची. शेवट ठरवा: 'आता माझी मुलगी दहावीला आहे, आणि पहाटे तिच्या टेबलावर पेला मी ठेवते.' बस, भाषण तयार आहे. उठून म्हणायचं, 'मावशी, अकरावीला मी तुझ्याकडे आले तेव्हा पहाटे पाचला तू चहाचा पेला टेबलावर ठेवायचीस. हाक मारायची नाहीस. पेल्याचा आवाज झाला की मी उठायचे. नंतर कळलं की तू रात्री बाराला झोपायचीस.' मग शेवटचं वाक्य. हे पाचच वाक्यांत संपतं. आठ-दहा झाली तरी बिघडत नाही, पण पाच पुरेशी आहेत. आणि बोलताना मावशीला 'तू'च म्हणा. घरातली माणसं माईक हातात आला की मावशीला 'आपण' आणि 'त्या' म्हणायला लागतात, आणि त्या क्षणी बोलण्यातलं आपलेपण निघून जातं. बाईंच्या समारंभात मात्र 'बाई, तुम्ही' हेच बरोबर.

वेळेबद्दल बोलायचं तर दीड मिनिट धरा. टोस्टमास्टर्स ही वक्तृत्वाचा सराव करणारी संस्था १९२४ पासून आहे. तिच्या सभांत आयत्या वेळच्या विषयावर बोलताना एका मिनिटाला हिरवा दिवा लागतो, दीड मिनिटाला पिवळा आणि दोन मिनिटांना लाल. आपल्याकडच्या समारंभांनाही हेच माप बसतं, असा माझा अनुभव आहे. एका मिनिटाच्या आत संपवलं तर टाळल्यासारखं वाटतं, आणि दोन मिनिटांनंतर ऐकणारे जेवणाच्या पंगतीकडे बघायला लागतात. तुमच्यासमोर दिवे नसतील, पण दोन खुणा असतात. सत्कारमूर्ती शाल सावरायला लागले किंवा निवेदक खुर्चीवरून अर्धवट उठले, तर शेवटच्या वाक्याकडे वळा. आणि तुमच्याच तोंडून 'आणि विशेष म्हणजे' किंवा 'जाता जाता एक सांगते' असं निघालं, तर समजा की तुमची गोष्ट संपलेली आहे आणि तुम्ही नुसत्या बोलत आहात. मध्येच दोरा सुटला तरी उपाय हाच. मागे जाऊन सापडत नाही, तेव्हा सरळ शेवटचं वाक्य म्हणा. ते ठरलेलं असल्यामुळे मधलं काय गळलं हे ऐकणाऱ्याला कळतसुद्धा नाही.

एक अपवाद आहे. पाहुणे वाटेत आहेत आणि निवेदक माईक देताना कानात म्हणाले, 'जरा पाच मिनिटं घ्या', तर त्यांना तुमच्याकडून वेळ भरून हवा असतो. मग एकच गोष्ट ताणू नका. दुसरी वस्तू घ्या, दुसरी गोष्ट सांगा, आणि शेवट मात्र पहिल्या वस्तूवर करा.

सुरुवातीचं संबोधन ही वेगळी अडचण. 'व्यासपीठावर उपस्थित सन्माननीय' म्हणून नावं घ्यायला लागलात की एखादं नाव राहतंच. मी एका कार्यक्रमात पाहिलं आहे. आयत्या वेळी उठलेल्या गृहस्थांनी सहा नावं घेतली आणि सातवं राहिलं. ते नाव ज्यांचं होतं ते शेवटपर्यंत रुसून बसले, आणि बोलणारे नंतर पूर्ण वेळ त्यांच्याचकडे बघत अडखळत राहिले. नावं घेणं निवेदकाचं काम आहे आणि ते आधी झालेलं असतं. तुम्ही 'अध्यक्ष महोदय, बाई आणि आपण सगळे' एवढं म्हणा, की लगेच गोष्ट सुरू करा. 'मी काही वक्ता नाही', 'मला कल्पना नव्हती', 'आधीच्या वक्त्यांनी सगळं सांगितलंच आहे' ही तीन वाक्यं पूर्ण गाळा. ती माणूस धीर गोळा करायला म्हणतो, पण त्यांतून ऐकणाऱ्याला फक्त एवढंच कळतं की पुढे काही नवीन येणार नाही. धीर गोळा करायचा असेल तर माईकसमोर उभं राहून एक पूर्ण श्वास घ्या आणि बाईंकडे बघा. ती दोन सेकंदांची शांतता तुम्हाला फार लांब वाटेल. समोरच्यांना ती तयारीची वाटते.

माईकचं थोडं सांगते, कारण निम्म्या लोकांची पहिली ओळ माईकमुळे वाया जाते. हातातला माईक हनुवटीच्या जरा खाली, ओठांपासून चार बोटांवर धरा, आणि बोलताना मान वळली तर माईकही बरोबर वळवा. त्याच्या जाळीवर मूठ आवळू नका. जाळी झाकली की माईक सगळीकडचा आवाज ओढायला लागतो आणि स्पीकर शिट्टी मारतो. स्पीकरच्या समोर जाऊन उभं राहिलं तरी तेच होतं, तेव्हा दोन पावलं मागे या. फुंकर मारून किंवा टिचकी मारून तपासू नका. 'नमस्कार' म्हणा, आवाज आला की नाही ते कळतं. स्टँडवरचा माईक आधीच्या वक्त्याच्या उंचीवर असतो. त्याच्यासाठी वाकू नका, थांबून तो खाली किंवा वर करा. आणि मैदानात कार्यक्रम असेल तर लांबच्या भोंग्यातून तुमचाच आवाज क्षणभराने परत ऐकू येतो. तो ऐकून माणूस गोंधळतो आणि भरभर बोलायला लागतो. अशा वेळी प्रत्येक वाक्यानंतर तो परतीचा आवाज विरू द्या, मग पुढचं वाक्य घ्या.

प्रसंग निवडताना एक चाळणी लावा. तो किस्सा बाईंनी स्वतः याच माणसांसमोर सांगितला असता का? उत्तर 'नाही' असेल तर तो सोडा, कितीही चांगला असला तरी. आजारपण, कुणाला दिलेले पैसे, बदलीसाठी झालेली धावपळ, कुणाशी झालेला वाद, वरून आलेली चौकशी, हे विषय निरोप समारंभात कौतुक म्हणूनसुद्धा काढू नयेत. समोर बसलेल्यांत त्या गोष्टीची दुसरी बाजू असणारा कुणीतरी असतोच, आणि ज्यांच्यासाठी समारंभ आहे त्या बाई बोलून उत्तर देऊ शकत नाहीत. ताईंची गोष्ट आठवा. त्यात चूक झाली होती, पण ती ताईंची स्वतःची होती, म्हणून त्यांना ती सांगता आली.

सगळीकडे ही पद्धत लागू पडत नाही. शोकसभेत अचानक बोलायला सांगितलं तर गोष्ट अगदी छोटी ठेवा. दोन वाक्यं पुरतात, आणि शेवटी 'मी काय करणार' हे न सांगता 'आम्हाला काय आठवत राहील' एवढंच सांगा. आणि ज्या माणसाला तुम्ही ओळखतच नाही त्याच्या समारंभात उठवलं, उदाहरणार्थ सोयऱ्यांकडच्या कुणाच्या साठीशांतीला, तर ओळखीचा आव आणू नका. तिथे आज सकाळपासून तुम्ही जे पाहिलं त्यातलं एक सांगा: दारात स्वागताला कोण उभं होतं, सत्कारमूर्तींनी सगळ्यात आधी कुणाला खुर्ची दिली. ते खरं असतं आणि सगळ्यांनी नुकतंच पाहिलेलं असतं.

नकारही देता येतो. आवाज बसला असेल किंवा मन भरून आलं असेल, तर जागेवरूनच सत्कारमूर्तींना नमस्कार करा आणि निवेदकाकडे बघून मान हलवा. अनुभवी निवेदक लगेच दुसरं नाव घेतो. 'मी नंतर बोलते' म्हणू नका, कारण आम्ही ते लक्षात ठेवतो आणि नंतर खरंच बोलावतो. बोलताना रडू आलं तर माईक तोंडापासून दूर करा, श्वास घ्या, आणि थेट शेवटचं वाक्य म्हणून उतरा.

आता ३१ मे. त्या दिवशी एक वेगळी गोष्ट होण्याची शक्यता आहे, ती आधीच पाहून ठेवा. आपल्याकडे कितीतरी जणांची शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख १ जून आहे. ज्यांचा जन्म महिन्याच्या १ तारखेचा, ते आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतात. म्हणून ३१ मेला एकाच तालुक्यात बरेच शिक्षक एकदम निवृत्त होतात आणि पुष्कळदा केंद्रातल्या दोघा-तिघांचा समारंभ एकत्र होतो. तसं असेल तर व्यासपीठावर बाईंच्या शेजारी आणखी सत्कारमूर्ती बसलेले असतील. तुम्ही गोष्ट बाईंचीच सांगा, पण पहिल्याच वाक्यात बाकीच्यांचं नाव घेऊन त्यांना नमस्कार करा, म्हणजे शेवटचं वाक्य बाईंसाठी मोकळं राहील.

तयारी म्हणून फक्त एवढं करा. आदल्या संध्याकाळी बाईंच्या हातातल्या तीन वस्तू आठवा आणि प्रत्येकीसाठी एक शेवटचं वाक्य मोठ्याने, एकदाच म्हणून बघा. कागदावर लिहू नका. लिहिलं की ते पाठ होतं. तीन वस्तू अशासाठी की एक-दोन गोष्टी तुमच्या आधी कुणीतरी सांगेल. त्या ऐकल्या की मनातल्या मनात खोडा आणि उरलेली धरा. कार्यक्रमाआधी निवेदकाला गाठून 'मला बोलवलंत तर मी दीड मिनिट घेईन' असं सांगितलंत तर आणखी चांगलं. आम्हाला वेळेची खात्री असलेलं माणूस हवंच असतं, आणि मग तुमचं नाव अचानक येणार नाही. शेवटचं वाक्य सभेकडे न बघता बाईंकडे बघून म्हणा, त्यांच्या पाया पडायचं असेल तर आधी माईक स्टँडला लावा किंवा निवेदकाच्या हातात द्या, आणि ज्या बाजूने चढलात त्याच बाजूने उतरा.